रांजणात बॅटरी मारून पाहिल्याशिवाय

खान्देशातल्या बऱ्याच गावांत नळाला रोज पाणी येत नाही. चार दिवसांनी, आठ दिवसांनी, उन्हाळ्यात त्याहूनही उशिरा येतं. म्हणून घरात रांजण, ड्रम, प्लास्टिकची टाकी आणि न्हाणीजवळचा सिमेंटचा हौद कायम भरलेला असतो. डेंग्यूचा डास अशाच साठवलेल्या पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून डास उडेपर्यंत उन्हाळी हवेत साधारण आठ-दहा दिवस लागतात. त्यावरूनच 'कोरडा दिवस' निघाला: आठवड्यातून एकदा भांडी रिकामी करा, आतून घासा, मगच भरा. घासायचं अशासाठी की अंडी पाण्याच्या रेषेजवळ भांड्याच्या भिंतीला चिकटून असतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात.

हा संदेश घंटागाडीच्या भोंग्यावरून, पत्रकांतून आणि आशाताईंच्या तोंडून महिनाभर फिरतो. मग अहवाल येतो: 'दोन लाख नागरिकांपर्यंत पोहोचलो.' गावाची लोकसंख्या साठ हजार असली तरी असं लिहिलं जातं, कारण मोजलेली असतात पत्रकं, फेऱ्या आणि मोबाइलवरचे 'व्ह्यूज'. एकाच बाईने भोंगा वीस वेळा ऐकला तर ती वीस माणसं होत नाही. उलट सकाळी सहालाच कापूस वेचायला गेलेल्या घराने तो एकदाही ऐकलेला नसतो. पोहोच म्हणजे किती वेगवेगळ्या माणसांच्या कानावर गेलं. एकेकाच्या कानावर किती वेळा गेलं, हा हिशेब वेगळा ठेवावा लागतो. आणि हे दोन्ही गाडीवाल्याला विचारून कळत नाही, घरोघर विचारावं लागतं.

घरोघर विचारायला गेलं की पुढची अडचण येते. माणसं आपलं मन राखायला 'हो' म्हणतात. ओट्यावर बसवून चहा पाजणारा यजमान 'तुमचं काहीच ऐकलं नाही' असं कसं म्हणेल? म्हणून प्रश्नांचा क्रम महत्त्वाचा. आधी मोघम विचारायचं: 'गेल्या महिन्यात पाणी साठवण्याबद्दल काही ऐकलंत का? काय ऐकलंत?' इथे जे आपणहून निघेल ती खरी आठवण. त्यानंतरच घोषवाक्य वाचून दाखवायचं आणि 'हे ऐकलंय का' विचारायचं. आणि एक खोटा प्रश्नही मध्ये घालायचा, उदाहरणार्थ 'मोराचं चित्र असलेलं पोस्टर पाहिलं का?' असं पोस्टर कधी छापलेलंच नसतं.

हिशेब समजावा म्हणून आकडे मी धरतो. दोनशे घरांपैकी 56 घरांनी संदेश आपणहून सांगितला. वाचून दाखवल्यावर दीडशे जण 'ऐकलंय' म्हणाले, म्हणजे 75 टक्के. पण चाळीस जणांनी मोरही पाहिलेला निघाला, म्हणजे 20 टक्के. याचा अर्थ न ऐकलेल्यांतलाही साधारण पाचातला एक 'हो' म्हणतो. तेवढी वजावट करायची: 75 मधून 20 वजा केले की 55 उरतात, त्यांना 80 ने, म्हणजे मोर न पाहिलेल्यांच्या टक्केवारीने भागलं की सुमारे 69 टक्के येतात. आपणहून सांगणारे मात्र 28 टक्केच. अहवालात कुठला आकडा छापला जातो हे तुम्ही ओळखलं असेलच.

आता कृती. 'भांडी घासता का?' हा प्रश्न मी जवळजवळ विचारतच नाही, उत्तर ठरलेलं असतं. त्याऐवजी घरमालकाची परवानगी घ्यायची, भांड्यावरचं झाकण काढायचं आणि बॅटरी मारायची. इथे घाई नडते. सावली पडली की अळ्या बुडी मारतात आणि पाणी स्वच्छ दिसतं. मिनिटभर थांबलं की श्वासासाठी त्या पुन्हा वर येतात, डोकं खाली, शेपूट पाण्याच्या पृष्ठभागाला, तिरक्या लोंबत. (मलेरियाच्या डासाच्या अळ्या पाण्यावर आडव्या पडतात, त्यामुळे डोळा तयार झाला की फरक ओळखता येतो.) सर्वेक्षणाला आलेल्या नव्या मुलांची 'अळ्या नाहीत' अशी नोंद मी एकदा तपासली, तर हौदाच्या काळोख्या कोपऱ्यात अळ्या वळवळत होत्या. त्यांनी बॅटरी फक्त मधे मारली होती.

दोन नोंदी करायच्या. तपासलेल्या शंभर घरांपैकी किती घरांत अळ्या सापडल्या, हा घर निर्देशांक. शंभर घरांमागे अळ्या असलेली भांडी किती, हा ब्रेटो निर्देशांक. एकाच घरात चार भांडी दूषित असली की पहिल्यात ते एक घर धरलं जातं, दुसऱ्यात चार भांडी.

समजा मोहीम झालेल्या वॉर्डात जूनमध्ये घर निर्देशांक 20 होता, ऑगस्टमध्ये 21 झाला. मोहीम फसली म्हणायचं? पण मध्ये पाऊस पडला. गच्चीवरच्या टायरात, फुटक्या माठात, कुंड्यांखालच्या ताटलीत पाणी साचलं. मोहीम न झालेल्या शेजारच्या वॉर्डात तोच आकडा 18 वरून 25 झाला. म्हणजे पाऊस सगळीकडेच डास वाढवत होता आणि इथे वाढ शंभर घरांमागे सहा घरांनी, म्हणजे सहा टक्क्यांनी कमी राहिली.

याच्या उलटही होतं. श्रावणात कानबाईचा उत्सव येतो. त्याआधी घर रंगवतात, भांडीकुंडी घासतात. त्याच आठवड्यात सर्वेक्षण केलं तर अळ्या कमी दिसतात आणि कौतुक भोंग्याला मिळतं. शेजारचा वॉर्ड सोबत मोजला तर ही चूक टळू शकते, पण त्या वॉर्डात कानबाई बसवणारी घरंही तितकीच असायला हवीत.

आता त्या सहा टक्क्यांबद्दल प्रामाणिक राहू. दोन्ही वॉर्डांत, दोन्ही वेळा दोनशेच घरं पाहिली असतील, तर नुसत्या योगायोगाने हा फरक अकरा टक्के इकडे-तिकडे होऊ शकतो. त्यामुळे सहा टक्क्यांवर बोट ठेवून 'यश' म्हणता येत नाही आणि 'अपयश'ही नाही. योगायोगाचा हा फरक पाच टक्क्यांपर्यंत आणायचा असेल तर दर वेळी वॉर्डामागे साधारण हजार घरं लागतात. त्यातही एक वॉर्ड विरुद्ध एक वॉर्ड अशी तुलना लंगडीच, कारण एका वॉर्डात पाणी चौथ्या दिवशी येत असेल आणि दुसऱ्यात आठव्या. तुलनेला दोन्हीकडे अनेक वॉर्ड हवेत, आणि पाण्याचा फेरा सारखा हवा.

या पाण्याच्या फेऱ्यापाशीच मला या मोजमापातली सगळ्यात उपयोगाची गोष्ट सापडली. एका आजींना संदेश तोंडपाठ होता, दिवससुद्धा सांगितला. तरी हौदात अळ्या. कारण विचारलं तर म्हणाल्या, ''पानी फेकी देसू ते पिसू काय?'' पाणी आठ दिवसांनी येणार, आणि तळाचं पाणी म्हणजे नळ चुकला तर घराचा आधार. म्हणून त्या हौद कधीच रिकामा करत नव्हत्या. वरून भर पडायची, तळातलं आणि भिंतीवरचं मात्र तसंच राहायचं.

आठवण आणि कृती वेगवेगळ्या कागदांवर लिहिली असती तर हे निसटलं असतं. घरागणिक जोडून पाहिलं तर चार गट पडतात. ज्यांना संदेश आठवत नाही आणि हौदात अळ्या आहेत, तिथे भोंगा पोहोचवायला हवा. ज्यांना आठवतो तरी अळ्या आहेत, तिथे भोंगा दुप्पट वाजवून काहीही होणार नाही. त्यांना दुसरा उपाय सांगायला हवा: हौदावर घट्ट बांधलेलं कापड, गप्पी मासे, किंवा आरोग्य कर्मचाऱ्याकडून मापात टाकलेलं अळीनाशक. आणि पुढच्या फेरीत बॅटरी मारताना हौदात अळ्या आहेत का याबरोबरच कापड बांधलंय का आणि त्याची गाठ सैल आहे का, हेही लिहायचं. आजींच्या हौदावर आम्ही जुन्या नऊवारीचा तुकडा बांधून आलो. पंधरा दिवसांनी गेलो तेव्हा तो दोरीवर वाळत होता.