खालचं पेर भरलेलं म्हणून खादाड?

मागच्या महिन्यात एका साखरपुड्याच्या पंगतीत शेजारी बसलेल्या काकांनी माझा डावा हात धरला, उलटसुलट केला आणि सांगितलं, "खालची पेरं भरलेली आहेत तुझी. खाण्याचा नाद दिसतो." माझ्या ताटात तेव्हा तिसरी जिलबी होती, त्यामुळे वाद घालायला तोंडच नव्हतं. पण घरी येऊन मी फूटपट्टी काढली.

आधी काकांचं शास्त्र काय म्हणतं ते पाहू. हस्तसामुद्रिकात प्रत्येक बोटाची तीन पेरं धरतात. नखाचं पेर म्हणजे बुद्धी आणि विचार, मधलं म्हणजे व्यवहार, आणि तळहाताला लागून असलेलं खालचं म्हणजे शरीराची भूक, पैसाअडका, सुखसोयी. ज्या बोटाचा जो ग्रह, त्या ग्रहाचे गुण या तीन थरांत वाटले जातात. तर्जनी गुरूची, म्हणून तिचं वरचं पेर लांब असलं की माणूस धार्मिक, मधलं लांब असलं की महत्त्वाकांक्षी, खालचं लांब असलं की अधिकाराची हाव असलेला. करंगळी बुधाची, म्हणून तिच्या वरच्या पेरात वक्तृत्व. अंगठ्याच्या नखाच्या पेरात इच्छाशक्ती, त्याखाली तर्कबुद्धी. सगळा हिशेब कोणतं पेर इतरांपेक्षा लांब किंवा जाड आहे यावर चालतो. म्हणजे मोजमाप आलंच, आणि मोजमापाची गोष्ट निघाली की मला राहवत नाही.

तुम्हीही करून पाहा. हात उताणा ठेवा आणि मधल्या बोटावरच्या आडव्या घड्यांपासून घड्यांपर्यंत मोजा. माझं मधलं बोट असं भरलं: खालचं पेर अडीच सेंटिमीटर, मधलं सव्वादोन, नखाचं पावणेतीन. काकांच्या हिशेबाने मी विचारवंत ठरतो. आता मूठ वळा आणि तेच बोट मागच्या बाजूने, टेंगळापासून टेंगळापर्यंत मोजा. खालचं पाच, मधलं तीन, वरचं अडीच. त्याच बोटाचं सर्वांत लांब पेर आता खालचं झालं, म्हणजे विचारवंताचा एकदम सुखलोलुप झाला.

हाडं कोणाची बाजू घेतात? मोठ्या माणसाच्या मधल्या बोटात खालचं हाड साधारण साडेचार सेंटिमीटरचं, मधलं अडीचच्या थोडं वर आणि टोकाचं जेमतेम पावणेदोन. वर जाताना हाडं आखूड होत जातात, हाच सर्वसाधारण नियम. तळहाताच्या बाजूने मात्र सर्वांत आखूड हाडाचं पेर लांब दिसतं, कारण त्वचेची घडी बरोबर सांध्यावर नसते. मधल्या सांध्याची घडी बऱ्यापैकी जागेवर असते. टोकाच्या सांध्याची घडी सांध्याच्या सुमारे सात मिलिमीटर खाली पडते, आणि वर बोटाच्या टोकाचा मांसल भाग हाडाच्याही पुढे जातो, म्हणून वरचं पेर दोन्हीकडून वाढतं. खरी गंमत बुडाच्या घडीची आहे. बोट जिथे तळहाताला मिळतं असं आपल्याला वाटतं, ती घडी खऱ्या सांध्याच्या दीड ते दोन सेंटिमीटर वर असते. बोटांच्या मधल्या कातडीने खालच्या हाडाचा बराचसा भाग तळहातात झाकून टाकलेला असतो.

मग त्या बुडाच्या सांध्याची घडी गेली कुठे? बोटं बुडापासून हळूच वाकवा आणि तळहाताकडे पाहा. करंगळीपासून मधल्या बोटाकडे जाणारी जी ठळक रेघ दुमडते, तीच त्या सांध्यांची घडी. ज्योतिषी तिला हृदयरेषा म्हणतात. तर्जनीसाठी हे काम मुख्यतः मस्तकरेषा करते. गुरूचा उंचवटा, शनीचा उंचवटा म्हणून जो भाग दाखवतात, त्याच्या आत खालच्या पेराचं हाड केव्हाच सुरू झालेलं असतं. एकाच हाडाचा अर्धा भाग ग्रहाच्या खात्यात, अर्धा भुकेच्या खात्यात!

आता हाडांची लांबी ठरते कशी ते पाहू. हा भाग थोडा जड आहे, पण मला फार आवडतो. उसाचं कांडं डोळ्यांसमोर आणा. गर्भ साधारण सहा आठवड्यांचा असताना बोटांच्या जागी कूर्चेच्या पट्ट्या असतात, सलग, पेरं नसलेल्या. मग ठरावीक जागी पेशींचा एक पातळ पट्टा कूर्चा होण्याचं काम सोडून देतो आणि चपटा होऊन दाटतो. तिथे GDF5 नावाचं जनुक जोरात काम करू लागतं. पुढे त्या पट्ट्यात पोकळी पडते आणि सांधा तयार होतो. दोन सांध्यांमधला तुकडा मग आपल्या बुडाशी असलेल्या वाढीच्या थरातून लांबत जातो. काही घराण्यांत बोटाचा एखादा सांधा तयारच होत नाही, दोन हाडं जोडलेली राहतात. अशा बोटावर त्या जागेची घडीही नसते किंवा पुसट असते. म्हणजे घडी ही वाकण्याची खूण आहे.

तुकड्याच्या लांबीचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातल्या एका घराण्याचं. विल्यम फॅराबी या संशोधकाने 1903 साली हार्वर्डच्या प्रबंधात त्याची वंशावळ मांडली. घराण्यातल्या अनेकांची बोटांची मधली हाडं अगदी आखूड होती, काहींची टोकाच्या हाडाला चिकटलेली. दोष असलेल्या आई किंवा बापाच्या मुलांपैकी साधारण निम्म्यांत तो उतरत होता. मेंडेलचे नियम माणसालाही लागू पडतात हे दाखवणाऱ्या अगदी पहिल्या दाखल्यांपैकी हा एक. पुढे 2001 मध्ये चीनमधल्या संशोधकांनी अशाच घराण्यांत IHH या जनुकात बिघाड शोधला. हे जनुक वाढीच्या थरातल्या पेशींना वाढत राहायला सांगतं. त्याचं पूर्ण नाव इंडियन हेजहॉग, हेजहॉग या काटेरी प्राण्याच्या एका जातीवरून ठेवलेलं. हस्तसामुद्रिकाच्या हिशेबाने या घराण्यातल्या निम्म्या लोकांना व्यवहारच कळायला नको. फॅराबीच्या नोंदींत मात्र वेगळेपण दिसतं ते हाडांत आणि कमी उंचीत.

जाडीचं सांगायचं तर खालचं पेर भरतं ते चरबीने आणि पाण्याने. उन्हाळ्यात किंवा गरोदरपणात अंगठी घट्ट होते ती याच पेरावर. आणि ज्या गाठाळ सांध्यांना एकोणिसाव्या शतकातल्या दार्पांतिन्यी या फ्रेंच हस्तरेषावाद्याने तत्त्वचिंतनाची गाठ म्हटलं, तशा नखाजवळच्या गाठी माझ्या आजीच्या बोटांवर साठीनंतर आल्या. डॉक्टर त्यांना हेबर्डेनच्या गाठी म्हणतात, सांध्याची झीज. आजी त्याच पेरांवर जप मोजायची, पण तिला तत्त्वज्ञानापेक्षा जात्याचा खुंटा जास्त ठाऊक होता.

काकांना एक गुण मात्र द्यायला हवा. अंगठ्याला दोनच पेरं दिसतात, पण हस्तसामुद्रिक शुक्राच्या उंचवट्याखालचं हाड तिसरं पेर धरतं, प्रेमाचं. शरीरशास्त्रात ते हाड तळहाताचं. पण तळहाताच्या बाकी चार हाडांचा वाढीचा थर बोटाकडच्या टोकाला असतो, आणि अंगठ्याच्या या हाडाचा मनगटाकडे, म्हणजे अगदी पेरांच्या हाडांसारखा. त्यामुळे हे हाड मुळात पेरच तर नाही ना, हा वाद शरीरशास्त्रज्ञांमध्येही खूप रंगला. प्रेमाचा उल्लेख मात्र त्यात कुठे नव्हता.