रिव्हिजन बॅच आणि क्रॅश कोर्स: जाहिरातीत एक, वर्गात दोन

शाळेच्या पूर्वपरीक्षेचे तपासलेले पेपर हातात पडले की दहावीच्या घरात क्लासच्या जाहिराती येऊ लागतात. बहुतेक जाहिराती एकाच वेळी दोघांशी बोलतात. वरची ओळ आईवडिलांसाठी असते: ‘संपूर्ण अभ्यासक्रम, वैयक्तिक लक्ष, हजेरीचा रोज मेसेज’. खालची मुलांसाठी: ‘फक्त महत्त्वाचे प्रश्न, नो टेन्शन’. आईला वाटतं, राहिलेलं सगळं आता शिकवून होईल. मुलाला वाटतं, बरंचसं सोडून देता येईल. फी एकच भरली जाते, अपेक्षा मात्र दोन असतात आणि त्या एकमेकींच्या उलट असतात.

हा घोळ होतो, कारण ‘रिव्हिजन बॅच’ आणि ‘क्रॅश कोर्स’ हे शब्द जाहिरातीत सर्रास एकाच अर्थाने छापले जातात. क्रॅश कोर्समध्ये न झालेला किंवा न समजलेला धडा थोड्या वेळात शिकवतात. बोलण्याचं काम शिक्षकाचं. रिव्हिजनमध्ये धडा समजलेला आहे असं धरून चालतात. तिथे मुलाने न बघता लिहायचं, शिक्षकाने तपासायचं आणि चुकलेलं त्याच्याकडूनच पुन्हा लिहून घ्यायचं. दोन तास सर फळ्यावर गणितं सोडवतायत आणि मुलं उतरवून घेतायत, तर क्लासबाहेरच्या फलकावर काहीही लिहिलेलं असो, ती रिव्हिजन नाही.

आपल्याला नेमकं काय विकलं जातंय, हे बहुतेक वेळा साध्या हिशेबाने कळतं. समजा, जाहिरात अशी आहे: राज्य मंडळ दहावी, गणित आणि विज्ञान, २० दिवस, रोज २ तास, संपूर्ण अभ्यासक्रम आणि १० सराव पेपर. एकूण तास झाले ४०. गणित भाग १ आणि २, विज्ञान भाग १ आणि २, हे चारही पेपर ४० गुणांचे आणि दोन तासांचे. म्हणजे १० पेपर लिहिण्यातच २० तास गेले. प्रत्येक पेपर तपासून परत दिल्यावर चुकांवर अर्धा तास बोलायचं म्हटलं, तर आणखी ५ तास. उरले १५. बीजगणिताची ६ प्रकरणं, भूमितीची ७ आणि विज्ञानाच्या दोन भागांची १०-१०, अशी एकूण ३३. एका प्रकरणाच्या वाट्याला सत्तावीस मिनिटं येतात.

ज्याला वर्गसमीकरणं येतात, त्याला सत्तावीस मिनिटांत सूत्र, पायऱ्या आणि नेहमीच्या चुका यांवरून नजर फिरवता येते. ज्याने ते प्रकरण डिसेंबरपर्यंत टाळलंय, त्याला एवढ्यात अवयव पाडायलाही शिकवून होणार नाही. म्हणजे ही जाहिरात रिव्हिजन म्हणून चालेल, पण ‘संपूर्ण अभ्यासक्रम’ वाचून भोळसटपणे पैसे भरू नयेत. बरेचदा प्रत्यक्षात होतं ते असं: शिकवणं लांबतं आणि पेपर ‘घरी सोडवून आणा’वर जातात. घरी सोडवलेल्या पेपरला ना घड्याळ असतं, ना तपासणी.

मुलाला यातलं काय हवंय, हे पूर्वपरीक्षेच्या उत्तरपत्रिकेतच लिहिलेलं असतं. एकूण गुण बाजूला ठेवा. गेलेले गुण दोन रकान्यांत लिहा. प्रश्न कोरा सोडला किंवा पद्धतच चुकली, ते पहिल्या रकान्यात. पायरी गाळली, कृतीतली चौकट चुकीची भरली, आकृतीला नावं दिली नाहीत, वेळ पुरला नाही, ते दुसऱ्या. समजा, बीजगणितात ४० पैकी २२ मिळाले, १८ गेले. त्यातले १२ दुसऱ्या रकान्यात असतील, तर रिव्हिजन आणि वेळ लावून लिहिलेले पेपर हवेत. १२ पहिल्या रकान्यात असतील आणि तेही दोनच प्रकरणांतले, तर पूर्ण बॅच कशाला? ती दोन प्रकरणं नीट शिकवणारं कोणी शोधावं. शाळेतल्या बाईसुद्धा चालतील. सगळी प्रकरणं कोरी असतील, तर वीस दिवसांच्या कुठल्याच कोर्सने ती भरून निघणार नाहीत. तिथे निवडक प्रकरणं पक्की करणंच शहाणपणाचं, आणि हे पालकांनीही मान्य करायला हवं.

उरले गुणवंतांचे फोटो. ९६ टक्क्यांचा तो मुलगा या वीस दिवसांच्या बॅचचा, की दोन वर्षं तिथेच शिकत असलेला? केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या नोव्हेंबर २०२४च्या मार्गदर्शक सूचनांनुसार कोचिंग केंद्राने फोटोसोबत त्याने कोणता कोर्स, किती मुदतीचा घेतला हे ठळक सांगायला हवं. गुणांची हमी देणं आणि ‘शेवटच्या ५ जागा’ अशी खोटी घाई करणंही मना आहे. या सूचना ५०हून अधिक विद्यार्थ्यांच्या केंद्रांसाठी आहेत, त्यामुळे गल्लीतला छोटा क्लास त्यातून सुटतो. फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

फी भरण्याआधी मात्र दोनच गोष्टी मागा: दिवसवार वेळापत्रक आणि मागच्या बॅचमधला नाव झाकलेला एक तपासलेला पेपर. वेळापत्रकात पेपर वर्गात आहेत का, ते आईवडिलांनी बघावं. पेपरवर नुसते गुण आहेत की कुठली पायरी राहिली हेही लिहिलंय, ते मुलाने.