लिंक ताजी, तरी लॉगिन का होत नाही?

ईमेल द्या, आलेल्या लिंकवर टिचकी मारा, झाले लॉगिन. पासवर्डची कटकट नाही म्हणून मॅजिक लिंकचे कौतुक फार होते. पण कधी कधी मेल येऊन मिनिटही झालेले नसते आणि पडद्यावर ‘लिंकची मुदत संपली’ असे झळकते. यात मुदतीचा संबंध अनेकदा नसतोच. लिंक मागवलेली असते एका ब्राउझरमधून आणि उघडलेली असते दुसऱ्यातच.

समजा, तुम्ही फोनवर क्रोममध्ये ईमेल टाकलात. अनेक साइटवर त्याच क्षणी क्रोममध्ये ४३ ते १२८ अक्षरांची एक खूण तयार होते. ती अक्षरे कशीही, अंदाज बांधता येणार नाही अशी निवडलेली असतात. खूण क्रोमच्याच साठ्यात राहते. सर्व्हरकडे जातो तो फक्त तिचा एसएचए-२५६ हॅश, म्हणजे खुणेवरून गणिताने काढलेला ठसा. हॅशवरून खूण शोधून काढणे व्यवहारात अशक्य, पण खूण हाती आली की हॅश पुन्हा काढून ताडून पाहणे अगदी सोपे. ही पद्धत ‘पिक्सी’ म्हणून ओळखली जाते, आणि आरएफसी ७६३६ या २०१५ च्या दस्तऐवजात ती मांडलेली आहे. मला ती फार आवडते, कारण तुमचा मेल कुणी चोरून वाचला, तरी नुसत्या लिंकने त्याला आत शिरता येत नाही.

पण हीच तटबंदी तुम्हालाही अडवते. मेलचे ॲप बऱ्याचदा लिंक स्वतःच्याच आतल्या खिडकीत उघडते. अँड्रॉइडवर ती वेबव्ह्यू असेल, तर तिचा साठा त्या ॲपपुरताच असतो. आयफोनवर आत उघडणारी सफारी दिसते हुबेहूब, पण आयओएस ११ पासून तिच्या कुकी मूळ सफारीपेक्षा वेगळ्या ठेवल्या जातात. इथे सर्व्हर लिंकमधले टोकन, म्हणजे तिच्यातली गुप्त अक्षरे, तपासतो. ते खरे असते, पण एकदाच चालणारे असल्याने लगेच बाद होते आणि बदल्यात खिडकीला एक तात्पुरता कोड मिळतो. आता कोडसोबत खूण द्यायची, आणि ती तर क्रोममध्ये! लॉगिन फसते. मग तीच लिंक क्रोममध्ये टाकली, तरी टोकन आधीच खर्च झालेले असते.

अशा वेळी ‘कॅशे साफ करा’ हा सल्ला मंत्रासारखा दिला जातो. त्यात साइटचा डेटाही पुसला गेला, तर उरलीसुरली खूणही जाते. इनकॉग्निटोचा साठाही वेगळाच असतो.

टॅब नाहीत, कोपऱ्यात फक्त बंद करायची फुली आहे, तर ती बहुधा आतली खिडकी समजावी. नवी लिंक मागवा, तिच्यावर टिचकी न मारता बोट दाबून धरून ती कॉपी करा आणि जिथून मागवली त्याच ब्राउझरमध्ये चिकटवा. तरीही फसले, तर कार्यालयाच्या मेलची सुरक्षा यंत्रणा तुमच्याआधी लिंक उघडून पाहत असण्याची शक्यता आहे.

माझ्या मते साइटवाल्यांनी मेलमध्ये लिंकसोबत सहा आकडी कोडही द्यावा. तो मूळ टॅबमध्येच टाकायचा असल्याने खूण तिथे हजर असते. मात्र असा कोड फोनवरून कुणी गोड बोलून काढून घेऊ शकतो, हा धोका लिंकपेक्षा त्यात जास्त आहे.