स्कॅन अँड गो खरेदी

दुकानात माल उचलताना ग्राहकाने स्वतःच्या मोबाईलने प्रत्येक वस्तूचा बारकोड वाचायचा, तिथेच पैसे भरायचे आणि बिलाच्या काउंटरवर न थांबता बाहेर पडायचे, या पद्धतीला स्कॅन अँड गो म्हणतात. बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागातल्या मराठी घरांत वाण्याकडे यादी द्यायची आणि सामान बांधून घ्यायचे, ही सवय अजून टिकून आहे. त्या व्यवहारात भाव लावणारा आणि बेरीज करणारा दुकानदार असतो. स्कॅन अँड गोमध्ये ते काम गिऱ्हाईक करते, म्हणून बारकोड काय सांगतो आणि काय सांगत नाही हे त्याला कळायला हवे.

बारकोडमध्ये किंमत नसते, हे पहिल्यांदा लक्षात ठेवावे. पुड्यावरच्या काळ्या रेघा म्हणजे फक्त तेरा आकडी क्रमांक. त्याची सुरुवात 890 ने असेल तर तो क्रमांक भारतातल्या नोंदणी संस्थेने दिलेला असतो. माल भारतातच तयार झाला, असे मात्र त्यावरून ठरत नाही. शेवटचा आकडा ताळ्यासाठी असतो. नमुन्यादाखल 8901234567890 हा क्रमांक घ्या. पहिल्या बारा आकड्यांपैकी विषम जागांवरच्या आकड्यांची बेरीज 28 येते. सम जागांवरच्यांची 34 येते, तिची तिप्पट 102. एकूण झाले 130. पुढची दहाची पट गाठायला काहीच लागत नाही, म्हणून शेवटचा आकडा 0. रेघ पुसट असल्याने मोबाईलने एखादा आकडा चुकीचा वाचला, तर हा ताळा जुळत नाही आणि ॲप ती वस्तू घेत नाही. म्हणूनच चुरगळलेला पुडा स्कॅन होत नाही तेव्हा दुसरा उचलावा.

क्रमांक वाचल्यावर ॲप तो दुकानाच्या मालयादीत शोधते आणि भाव तिथून आणते. त्यामुळे आपण कोणत्या शाखेत आहोत हे ॲपला आधी कळावे लागते, आणि त्यासाठी बऱ्याच ठिकाणी दाराशीच क्यूआर कोड लावलेला असतो. सीमाभागात याकडे विशेष लक्ष द्यावे, कारण निपाणीची माणसे कोल्हापूरला खरेदी करतात आणि चंदगडची बेळगावला येतात. पुडा तोच, क्रमांक तोच, पण दोन शाखांचे भाव आणि सवलती वेगळ्या असू शकतात. ॲपमध्ये मागच्या वेळची शाखा तशीच राहिली, तर पडद्यावर दिसणारा भाव या दुकानाचा नसतो.

सुट्या मालाचे गणित वेगळे आहे. डाळ, भाजी, मिठाई यांवर कारखान्याचा बारकोड नसतो. दुकानातला वजनकाटा चिठ्ठी छापतो आणि तिच्यावरचा क्रमांक 2 ने सुरू होतो. असे क्रमांक दुकानाच्या अंतर्गत वापरासाठी राखलेले आहेत. समजा चिठ्ठीवर 2100147007509 असे आहे. 21 ही खूण वजनी मालाची, 00147 हा त्या दुकानाने तूरडाळीला दिलेला क्रमांक, 00750 म्हणजे 750 ग्रॅम आणि 9 हा ताळ्याचा आकडा. मधल्या आकड्यांत वजन घालायचे की रक्कम, हे ज्याचे त्याने ठरवायचे असते, म्हणून एका दुकानाची चिठ्ठी दुसऱ्या दुकानात निरुपयोगी ठरते. चिठ्ठी छापून झाल्यावर पिशवीत आणखी मूठभर डाळ टाकली, तर वजन बदलते पण क्रमांक तोच राहतो. दारावरच्या तपासणीत अशी पिशवी हमखास अडकते, मग ती चूक अनवधानाने झालेली का असेना. पिशवी पुन्हा काट्यावर ठेवून नवी चिठ्ठी घ्यावी.

एक खरेदी पूर्ण करून पाहू. टिळकवाडीतल्या एका काकूंनी चार नग घेतले, असे समजा. भाव समजण्यापुरते आहेत. पाऊण किलो तूरडाळ, 160 रुपये किलोच्या दराने 120 रुपये. पाच किलो इंद्रायणी तांदळाची पिशवी 375. चार वड्यांचा साबणाचा पुडा 140. टूथपेस्ट 89. एकूण 724 रुपये.

इथे दोन ठिकाणी घोळ होऊ शकतो. साबणाच्या पुड्याचे वेष्टन पारदर्शक असेल, तर आतल्या एका वडीचा बारकोडही दिसतो. मोबाईलने तोच पकडला तर 38 रुपये लागतात आणि बेरीज 622 येते. चोरीचा हेतू नसतानाही 102 रुपयांचा माल बिनपैशाचा पिशवीत गेला. दुसरा घोळ टूथपेस्टचा. 22 सप्टेंबर 2025 पासून टूथपेस्ट, साबण, शांपू यांवरचा जीएसटी 18 वरून 5 टक्क्यांवर आला. तोच फरक उतरवला तर 100 रुपये एमआरपीचा डबा 89 रुपयांचा होतो. पण भाव बदलला म्हणून बारकोड बदलतोच असे नाही. एकाच क्रमांकाखाली दोन एमआरपी नोंदलेल्या असल्या, की काउंटरवरचा माणूस डबा उलटून पाहतो आणि योग्य भाव निवडतो. मोबाईलवर ती निवड काकूंनाच करावी लागते, नाहीतर ॲप दुकानाने ठरवलेला एक भाव आपोआप लावते. म्हणून स्कॅन झाल्याचा आवाज आला, एवढ्यावर समाधान मानू नये. पडद्यावरचा भाव आणि नगांची संख्या हातातल्या वस्तूशी ताडून पाहावी. मालाचे नाव बहुधा `TOOR DAL LOOSE` अशा तोडक्या इंग्रजीत येते. देवनागरीच वाचणाऱ्या वडीलधाऱ्यांना त्यापेक्षा आकड्यांचा आधार जास्त होतो, आणि त्यांच्यासाठी मालाची नावे मराठी-कन्नडमध्ये द्यायलाच हवीत, असे माझे ठाम मत आहे.

पैसे भरताना ॲप रक्कम आधीच भरून यूपीआय उघडते, आपण पिन टाकायचा. अडचण येते ती खात्यातून पैसे गेले पण दुकानाकडे पोच आली नाही तेव्हा. ॲप पावती देत नाही आणि मागे माणसे खोळंबलेली, म्हणून पुन्हा पैसे भरायची घाई होते. ती करू नये. यूपीआयच्या नोंदीतला बारा आकडी व्यवहार क्रमांक कर्मचाऱ्याला दाखवावा. दुकानाकडे पोच पोहोचलीच नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या 2019 च्या नियमानुसार व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत पैसे आपोआप परत यायला हवेत. त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई आहे.

शेवटी दार. पैसे जमा झाले की मोबाईलवर क्यूआर कोड उमटतो, तो काही वेळानेच बाद होतो. दारावरचा माणूस, "काकू, पिशवी जरा दाखवा," म्हणतो, कोड वाचतो, नग मोजतो आणि दोनतीन वस्तू बिलाशी जुळवतो. सगळी पिशवी रिकामी करत बसला तर काउंटरवरची रांग दारात येईल, म्हणून तपासणी निवडक असते. कोणाची पिशवी जास्त बारकाईने पाहायची, हे यंत्रणा सुचवू शकते: नवे गिऱ्हाईक, महागडा माल, किंवा स्कॅन करून मग यादीतून काढून टाकलेली वस्तू. काकूंनी वडीचा बारकोड वाचला असता तरी नग चारच भरले असते. म्हणजे नुसत्या मोजणीत ती चूक सापडली नसती. बिलावरचे 38 आणि हातातला पुडा शेजारी धरल्यावरच ती दिसली असती.