चढाचे मापन: टक्का, गुणोत्तर आणि अंश

रस्त्याचा किंवा रॅम्पचा चढ तीन रीतींनी सांगतात. रेल्वेत आणि बांधकामात गुणोत्तर चालते, रस्त्यावरच्या पाटीवर बहुधा टक्के असतात आणि मोबाइलमधले लेव्हल ॲप अंश दाखवते. तिन्हींच्या मुळाशी एकच भागाकार आहे: चढलेली उंची भागिले आडवे अंतर. त्याला १००ने गुणले की टक्के मिळतात. तोच भागाकार उलटा केला की ‘इतक्याला एक’ हे गुणोत्तर येते. बोरघाटात रेल्वेचा चढ ३७ला १ आहे, म्हणजे २.७ टक्के किंवा जेमतेम दीड अंश. कागदावर क्षुल्लक वाटणाऱ्या या दीड अंशासाठी कर्जतला गाडीला मागून जादा इंजिने लावावी लागतात.

अंशासाठी मात्र व्यस्त टॅन्जंट लागतो. स्प्रेडशीटमध्ये ८.३३ टक्क्यांसाठी असे लिहितात:

```
=DEGREES(ATAN(8.33/100))
```

उत्तर ४.७६ येते. `DEGREES` विसरल्यास रेडियनमधला ०.०८३ हा आकडा मिळतो. तोंडी हिशेबाला टक्के गुणिले ०.५७ पुरते, २० टक्क्यांपर्यंत फारशी चूक होत नाही. त्यापुढे हा आडाखा सोडावा: १०० टक्के चढ म्हणजे उभी भिंत नव्हे, ४५ अंश.

चाकाच्या खुर्चीच्या रॅम्पसाठी १२ला १ हे प्रमाण भारतात रूढ आहे. जोते ४५ सेंमी उंच असेल, तर आडवे अंतर ४५ × १२, म्हणजे ५.४ मीटर हवे. नेहमीची गफलत अशी, की ‘१:१२’ ऐकून १२ टक्के धरले जातात आणि रॅम्प ३.७५ मीटरमध्ये आटोपतो. फसायला कारणही आहे. १२ला १ म्हणजे ८.३३ टक्के, तर १२ टक्के म्हणजे ८.३३ला १, आकडे तेच, जागा बदललेल्या. १२ टक्क्यांचा चढ ६.८४ अंशांचा होतो आणि स्वतःच्या हातांनी खुर्ची ढकलणाऱ्याला तो फार जड जातो.

तयार रॅम्प तपासताना मोबाइलवर पूर्ण विसंबू नये. पूर्णांकात ‘५°’ दिसले, तर खरा कोन साडेचार ते साडेपाच अंशांत कुठेही असू शकतो, म्हणजे चढ साधारण १२.७ला १ ते १०.४ला १ यांपैकी काहीही. यापेक्षा गवंड्याची एक मीटरची पाणसळ बरी. तिचे एक टोक रॅम्पवर टेकवून उताराकडचे टोक बुडबुडा मध्ये येईपर्यंत उचलावे आणि त्या टोकाखालची फट मोजावी. फट जितके सेंटीमीटर, तितके टक्के. १२ला १साठी ती ८.३ सेंमीहून जास्त नको. पाणसळ आडवी असल्याने आडवे अंतर आपोआप नेमके एक मीटर धरले जाते. टेप रॅम्पच्या पृष्ठावर टाकल्यास तिरपी लांबी मिळते, पण आपल्या रॅम्पवर ती ५.४२ मीटर भरेल, म्हणजे फरक अवघा दोन सेंटीमीटरचा.