प्रत्ययांची चळत आणि भाषांची उतरंड

तुर्की भाषेत एक शब्द होतो: ‘अव्रुपालिलाश्तिरामादिक्लारिमिझ्दान’. अर्थ असा, की ‘ज्यांना आम्ही युरोपीय बनवू शकलो नाही, त्यांच्यापैकी’. एवढं वाक्य एका शब्दात मावतं, आणि तो शब्द सहज उकलताही येतो. ‘अव्रुपा’ म्हणजे युरोप. ‘लि’ लागला की तिथला माणूस, ‘लाश्’ने तसा होणं, ‘तिर्’ने तसा करणं. ‘आमा’ म्हणजे ते करणं न जमणं. ‘दिक्’मुळे क्रियापदाचं विशेषण होतं, ‘लार्’ अनेकवचन दाखवतो, ‘इमिझ्’ म्हणजे आमचे आणि ‘दान’ म्हणजे ‘पासून, पैकी’. प्रत्येक प्रत्ययाकडे एकच काम आहे. स्वर मात्र आधीच्या स्वराशी जुळवून घेतात, म्हणून ‘लार्’चा कधी ‘लेर्’ होतो, ‘दान’चा ‘देन’.

अशा भाषांना अ‍ॅग्लुटिनेटिव्ह म्हणतात, म्हणजे प्रत्यय एकापुढे एक चिकटवत जाणाऱ्या. संस्कृत या बाबतीत दुसऱ्या टोकाला आहे. तुर्कीत ‘एव्देन’ म्हणजे घरातून आणि ‘एव्लेर्देन’ म्हणजे घरांतून. अनेकवचनाचा ‘लेर्’ मध्ये आला, ‘देन’ जागचा हलला नाही. संस्कृतात हेच ‘गृहात्’ आणि ‘गृहेभ्यः’ होतं. ‘भ्यः’मधलं अनेकवचन कुठलं आणि पंचमी कुठली, हे कापून वेगळं दाखवता येत नाही, शिवाय तोच ‘भ्यः’ चतुर्थीलाही चालतो. म्हणूनच पाणिनीला सात विभक्ती आणि तीन वचनं यांच्यासाठी २१ सुप् प्रत्यय मांडावे लागले. तुर्कीचं काम अनेकवचनाचा एक आणि विभक्तींचे पाच प्रत्यय एवढ्यावर भागतं. अर्थ असे एकजीव झालेल्या भाषा त्या फ्युजनल.

हा फरक युरोपात प्रथम ठळकपणे मांडला गेला तो संस्कृतच्याच नादाने, आणि तिथेच त्याला प्रतवारीची कीड लागली. १८०८ मध्ये फ्रीडरिख श्लेगेलने भारतीयांच्या भाषेवर ग्रंथ लिहिला. संस्कृतचा धातू त्याला सजीव बीजासारखा वाटला, आतून रूपं फुटणारा. नुसते प्रत्यय जोडणाऱ्या भाषा मात्र त्याच्या लेखी कणांचा ढीग होत्या, वाऱ्याच्या झुळकीने विखुरणारा. फ्रान्झ बॉपने १८१६ पासून वेगळं म्हणणं मांडलं: क्रियापदांचे पुरुषवाचक प्रत्यय मुळात सर्वनामंच आहेत, जोडता जोडता झिजलेली. म्हणजे एकजीव रूपही आधी जोडच होतं. ही दृष्टी मला फार मोलाची वाटते. पण पुढे आउगुस्ट श्लायशरने तिच्यातून शिडी उभी केली: आधी प्रत्ययच नसलेल्या भाषा, मग चिकटवणाऱ्या, आणि सर्वांत वर संस्कृत, ग्रीक, लॅटिन. तिथून पुढचं सगळं त्याने ऱ्हास म्हणून गणलं.

ही शिडी मराठीवर लावून पाहा, लगेच मोडते. संस्कृतच्या विभक्ती प्राकृतांत झिजल्या, आणि जी जागा मोकळी झाली तिथे मराठीने नवे जोड बसवले. ‘मध्य’ हे स्वतंत्र नाम होतं, त्याचं ‘मध्ये’ झालं. ‘उपरि’चं ‘वर’ झालं. दोन्ही आता नामाला चिकटून येतात. ‘घरातून’ आणि ‘घरांतून’ पाहिलं तर ‘तून’ तुर्की ‘देन’सारखा तसाच राहतो. ‘घरातल्यांपैकीसुद्धा’ ही चळतही आपण सहज रचतो. पण तिच्या मधोमध ‘ला’चा ‘ल्यां’ होतो, आणि तिथे सामान्यरूप व अनेकवचन वेगळं काढायला गेलो की हातात फक्त अनुस्वार उरतो. ‘ल्या’वरून लिंगही कळत नाही. एकाच शब्दात दोन्ही पद्धती नांदतात. जी भाषा श्लायशरच्या हिशेबात फक्त खाली घसरायला हवी होती, तिने घसरताना चिकटवण्याची पद्धत नव्याने उभारली.

१९२१ मध्ये एडवर्ड सपीरने शिडी बाजूला ठेवली आणि दोन प्रश्न वेगळे केले: शब्दात घटक किती, आणि ते एकमेकांना जोडलेत कसे. जोसेफ ग्रीनबर्गने नंतर याचं मोजमाप केलं. उताऱ्यातल्या शब्दांमधले एकूण सांधे मोजायचे आणि त्यांतले किती सांधे स्वच्छ जोडाचे आहेत ते पाहायचं. स्वाहिलीसाठी हे प्रमाण ०.६७ आलं, संस्कृतसाठी ०.०९.

सपीरने प्रश्न वेगळे का केले, हे ग्रीनबर्गच्याच मोजणीतल्या एस्किमो भाषेवरून दिसतं. दर शब्दामागे घटक सर्वाधिक तिच्यात, सरासरी ३.७२, संस्कृतच्या २.५९ पेक्षाही पुष्कळ जास्त. आणि स्वच्छ जोडांचं प्रमाण फक्त ०.०३, संस्कृतपेक्षाही कमी, कारण तिथे सांध्यावरच ध्वनी बदलतात. शब्द लांबलचक आहे एवढ्यावरून भाषेला अ‍ॅग्लुटिनेटिव्ह म्हणता येत नाही. आधी तो सांध्यांवर उकलून पाहावा लागतो.