तिकीट रद्द केलं, कर परत आले. मग कन्व्हिनियन्स फी का नाही?

‘नॉन-रिफंडेबल’ असं वाचलं की बरेच जण तिकिटावर पाणी सोडतात. रद्द करायचे कष्टही घेत नाहीत. पण तो शब्द लागू होतो मूळ भाड्याला. वर लावलेल्या विमानतळ करांना तो लागत नाही, कारण ते पैसे मुळात विमान कंपनीचे नसतातच.

तिकिटात दोन आकडे शेजारी-शेजारी असतात आणि दोन्ही ‘वरचे पैसे’ वाटतात. एक, यूडीएफ म्हणजे विमानतळाचं वापर शुल्क आणि एएसएफ म्हणजे सुरक्षा शुल्क. दुसरी, कन्व्हिनियन्स फी. फरक आहे तो देणं नक्की कधी लागू होतं याचा. यूडीएफ आणि एएसएफ लागतात तुम्ही प्रवास केलात तर. कंपनी ते तुमच्याकडून आगाऊ घेते आणि उडालेल्या प्रवाशांच्या हिशेबाने पुढे भरते. तुम्ही गेलाच नाहीत तर तुमच्या नावाने तिला काही भरावंच लागत नाही, मग ते पैसे ठेवून घ्यायला आधार काय? कन्व्हिनियन्स फी मात्र बुकिंग केल्याची आहे. पैसे भरून पीएनआर हातात आला त्या क्षणी ती सेवा देऊन झाली, असं कंपनी किंवा पोर्टल धरतं. प्रवास झाला की नाही, याच्याशी तिचं देणंघेणं नाही. हा युक्तिवाद मला फारसा पटत नाही, कारण तिकीट काढायला दुसरी सोपी वाट ग्राहकाला ठेवलेलीच कुठे असते? पण बुकिंग करताना मान्य केलेल्या अटींत ते लिहिलेलं असतं.

विमान वाहतुकीचं नियमन करणाऱ्या डीजीसीएचा परतावा नियम करांच्या बाबतीत स्पष्ट आहे. तिकीट रद्द केलं, वापरलं नाही, किंवा विमान चुकलं, तरी वैधानिक कर आणि विमानतळ शुल्क परत द्यायचं. सेलमधल्या स्वस्त तिकिटालाही हेच लागू. शिवाय रद्द करण्याचा आकार मूळ भाडं अधिक इंधन अधिभार यापेक्षा जास्त लावता येत नाही.

समजा, मुंबई–दिल्ली तिकिटात मूळ भाडं २,४०० रुपये, यूडीएफ ४००, एएसएफ २३६ (म्हणजे २०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी), भाड्यावर ५ टक्के जीएसटी १२०, आणि कन्व्हिनियन्स फी जीएसटीसकट ३५४. एकूण ३,५१०. कंपनीच्या तक्त्यात रद्द आकार ३,५०० लिहिलाय, म्हणून हाती दहा रुपये येतील असं वाटतं. तसं नाही. आकार २,४०० वरच थांबतो, आणि यूडीएफ व एएसएफ मिळून ६३६ रुपये परत यायला हवेत. विमान चुकलं असतं तरी तेवढेच.

मग ते १२० रुपये कुठे गेले? जीएसटीसुद्धा करच की! पण रद्द आकारावरही प्रवासाच्याच दराने जीएसटी लागतो, असं परिपत्रक २०२२मध्ये निघालं. कंपनीने २,४०० रुपये ठेवले, तर त्यावरचे १२० सरकारजमा होतात. आकार १,५०० असता, तर उरलेल्या ९०० भाड्याबरोबर त्यावरचे ४५ रुपयेही परत आले असते.

आणखी एक फसवी जागा म्हणजे करांच्या रकान्यातच YQ किंवा YR असं दिसतं ते. तो सरकारी कर नाही, कंपनीचा स्वतःचा अधिभार आहे, बहुधा इंधनाचा. तो रद्द आकारात खपू शकतो. रकान्याची एकूण बेरीज परत मागू नका. आधी ते वजा करा.

पोर्टलवरून काढलेल्या तिकिटात घोळ बहुतेक वेळा इथे होतो: कंपनी ६३६ परत करते आणि पोर्टल त्यातून स्वतःचा ‘रद्द सेवा आकार’ कापतं. ही कन्व्हिनियन्स फीपेक्षा वेगळी, दुसरी कपात. ओळखायचं कसं? पोर्टलकडे परताव्याचा तपशील मागा आणि कंपनीने किती रक्कम सोडली ते वेगळं विचारा. दोन्हींतला फरक पोर्टलने घेतलेला असतो. बुकिंगच्या वेळी तो आकार दाखवला होता का, हे पोर्टलला विचारा. परताव्याची प्रक्रिया करायचे जादा पैसे मात्र कंपनीला लावता येत नाहीत, आणि रोख परताव्याऐवजी ‘क्रेडिट शेल’, म्हणजे पुढच्या तिकिटासाठी कंपनीकडेच जमा राहणारी रक्कम, घ्यायची की नाही हे प्रवाशाने ठरवायचं.

विमान चुकलं असेल तर पैसे आपोआप येतील याची वाट बघू नका. कंपनीच्या साइटवर पीएनआर टाकून कर-परताव्याचा अर्ज करा, किंवा लेखी मागणी करा आणि तिचा क्रमांक जपून ठेवा. दाद लागली नाही तर सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. तक्रारीत ‘यूडीएफ आणि एएसएफ’ ही नावं आणि रक्कम लिहा. नुसतं ‘रिफंड मिळाला नाही’ लिहिलं की ‘भाडं नॉन-रिफंडेबल आहे’ असं ठरावीक उत्तर येऊन प्रकरण बंद होण्याची भीती असते.